नऊ हजार नजरा, एकतीस पार्सलं

कोल्हापूरच्या घरांत कांदा-लसूण मसाल्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. उन्हाळ्यात मिरची वाळते, मसाले भाजले जातात, डंकावर रांग लावून वर्षाची चटणी कुटून आणली जाते आणि बरण्यांत भरली जाते. त्यामुळे हीच चटणी पाकिटात भरून विकायला निघालेल्या उद्योजिकेच्या लवकरच लक्षात येतं, की तिच्या आसपासच्या माणसांना ती विकत घ्यायची फारशी गरजच नाही. पाकीट मागवतो तो पुण्यात, ठाण्यात किंवा बेंगळुरूत राहायला गेलेला माणूस. गावाहून आलेली त्याची बरणी दिवाळी उलटली की तळाला जाते. असे ग्राहक एका बाजारपेठेत, एका गल्लीत सापडत नाहीत. मोबाइलवर मात्र ते एकत्र येतात, तांबडा रस्सा करून दाखवणाऱ्या कुणाच्या तरी रीलखाली.

म्हणून छोट्या ब्रँडला इन्फ्लुएन्सरकडे जावंसं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे. चूक होते ती पुढे. कुणाला निवडायचं, किती पैसे द्यायचे आणि मिळालं काय, या तिन्ही गोष्टी समोरच्याच्या फॉलोअरच्या आकड्यावरून ठरवल्या जातात. खरं तर त्या आपल्या पाकिटातल्या नफ्यावरून ठरायला हव्यात.

असाच एक घरगुती उद्योग डोळ्यांसमोर धरू. मालकीणबाई आणि मदतीला दोघी. महिन्याला अर्ध्या किलोची दीडशेच्या आसपास पाकिटं जातात, किंमत ४५० रुपये, आणि बहुतेक ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येतात. इथले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत. वाचणाऱ्याने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत.

बाईंसमोर दोन नावं आहेत. पहिला तरुण विनोदी रील करतो, फॉलोअर एक लाख ऐंशी हजार. दुसरी पुण्यात राहणारी, मूळची सांगलीकडची बाई घरचा स्वयंपाक दाखवते, फॉलोअर बावीस हजार. पहिल्याचा आकडा आठपट मोठा आहे, पण फॉलोअर ही साठलेली संख्या असते. त्यातले काही कधीकाळी एखादा गाजलेला रील पाहून आलेले असतात, काही खाती बंद पडलेली असतात, आणि इन्स्टाग्राम प्रत्येक रील सगळ्या फॉलोअरना दाखवतही नाही. पाहायला हवं ते हे, की आज टाकलेला रील किती जण बघतात. त्यासाठी मागच्या बारा रीलचे व्ह्यूज कागदावर चढत्या क्रमाने लिहावेत आणि मधला आकडा घ्यावा. सरासरी काढू नये, कारण पाच लाखांचा एक रील सरासरीला फुगवतो आणि तो योग पुन्हा येईलच असं नाही. आपल्या उदाहरणात तरुणाचा मधला आकडा अकरा हजार निघतो आणि सांगलीच्या ताईंचा नऊ हजार. आठपटीचा फरक जवळजवळ पुसला गेला.

पुढचा प्रश्न, हे अकरा हजार आणि नऊ हजार कोण आहेत? इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये पाहणाऱ्यांची वरची शहरं, वयोगट आणि स्त्री-पुरुष प्रमाण दिसतं. ते मागायला संकोचू नये, कामाची सवय असलेले क्रिएटर न कुरकुरता देतात. फक्त स्क्रीनशॉटऐवजी स्क्रीन रेकॉर्डिंग मागावं, म्हणजे खातं उघडून इनसाइट्समध्ये जाईपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. स्क्रीनशॉटवरचा आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. समजा तरुणाच्या यादीत वरच्या पाच शहरांपैकी महाराष्ट्रातलं एकच निघालं, कारण त्याच्या विनोदाला भाषा लागत नाही. ताईंच्या यादीत पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर आणि बेंगळुरू आहेत. चटणीपुरता प्रश्न इथेच सुटला. तोच तरुण मोबाइलच्या कव्हरसाठी उत्तम ठरला असता.

तरीही एक काम उरतं, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळे फार थोडे लोक करतात: कमेंट वाचणं. दहा रीलच्या कमेंट सावकाश वाचाव्यात. पोस्ट पडल्यापासून पाच मिनिटांत तीच पंधरा-वीस खाती ‘मस्त’, ‘भारी’ आणि आगीची चित्रं टाकून जात असतील, तर तो बहुधा एकमेकांना कमेंट देणाऱ्या क्रिएटरांचा गट असतो. विकत घेतलेल्या कमेंटही अशाच असतात, त्या कुठल्याही व्हिडिओखाली शोभतील. खऱ्या कमेंटमध्ये पदार्थ असतो. ‘ताई, माझा रस्सा पातळ होतो, खोबरं किती घालू?’, ‘हे पातेलं कुठून घेतलं?’ असे प्रश्न विचारणारी माणसं तिचं ऐकून बाजारात जाणारी असतात. ताई त्यांना उत्तर देते का, हेही बघावं, कारण उद्या ‘ही चटणी किती तिखट आहे?’ असं कुणी विचारलं, तर तिच्या उत्तरावर ऑर्डर अवलंबून असेल.

आधीच्या जाहिरातीही चाळाव्यात. दहातले सहा रील पैसे घेऊन केलेले असतील, तर तिच्या शब्दाचं वजन उतरलेलं असतं. उलट एखादा ब्रँड काही महिन्यांनी तिच्याकडे पुन्हा आलेला दिसला, तर तो मला सगळ्यांत भरवशाचा पुरावा वाटतो. पदरचे पैसे घालणारा माणूस तोट्याच्या जागी दुसऱ्यांदा जात नाही. शक्य असेल तर त्या ब्रँडच्या मालकाला फोन करावा. छोटे उद्योजक एकमेकांना खरं सांगतात.

आता पैशाचं. ताईंनी रेट कार्ड पाठवलं: एका रीलचे १०,००० रुपये. हा आकडा महाग की स्वस्त, हे दुसऱ्या क्रिएटरचे दर विचारून कळत नाही. आधी एका पार्सलमागे हातात काय राहतं ते काढावं लागतं. ४५० रुपयांच्या पाकिटात मिरची-मसाला, भाजणं-कुटणं, मजुरी, पॅकिंग आणि कर मिळून २२० रुपये जातात. कुरियर ७०. राहिले १६०. इन्फ्लुएन्सरच्या कूपनवर दहा टक्के सूट द्यायची, म्हणजे ४५ रुपये आणखी गेले. राहिले ११५. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरीची काही पार्सलं दारातून परत येतात. अशा पार्सलवर जाण्या-येण्याचा खर्च बुडतो, तो १३० धरू. म्हणजे १०,००० रुपये नुसते वसूल व्हायला नव्वदच्या आसपास पार्सलं पोचावी लागतील, आणि ती महिन्याच्या एकूण विक्रीच्या निम्म्याहून जास्त झाली.

नऊ हजार लोकांनी पाहिलेल्या रीलमधून इतकी पार्सलं निघतील का? पाहणारे शंभर धरले, तर त्यातला एखादाच लिंकपर्यंत जातो असं समजू. म्हणजे नव्वद लोक व्हॉट्सअॅप उघडतील, आणि नव्वदच्या नव्वद जणांनी विकत घेतलं तरच पैसे सुटतील. तसं होत नाही. हा हिशेब मांडला की दोन गोष्टी कळतात. एक, १०,००० परवडणार नाहीत. दुसरी, एका रीलच्या पहिल्या विक्रीतून खर्च निघावा ही अपेक्षाच चुकीची आहे. चटणी संपते आणि आवडली तर पुन्हा मागवली जाते, म्हणून वसुली पुढच्या ऑर्डरींतून व्हायची असते. जी वस्तू माणूस आयुष्यात एकदा घेतो, तिच्यासाठी हे गणित आणखी कठोर असतं.

वाटाघाट करताना दर पाडून मागण्यात फारसं हशील नाही. स्वयंपाक करून, शूट करून, कापून-जोडून एक रील करायला ताईंचे दोन दिवस जातात आणि त्याचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. ‘पाकीट फुकट देतो, त्या बदल्यात रील करा’ हे बार्टर पहिल्यावहिल्या क्रिएटरसाठी चालतं, पण ज्यांचं घर यावर चालतं त्यांना ते सांगणं मला योग्य वाटत नाही. मागायचं ते असं, की त्याच पैशात कामाची मांडणी बदलता येईल का. बोलणं साधारण असं होतं:

‘ताई, तुमचं काम आवडलं म्हणूनच विचारतेय. माझ्या पाकिटात दहा हजार बसत नाहीत, हिशेब हवा तर दाखवते. पाच हजार ठरावीक देते आणि तुमच्या कोडवरून पोचलेल्या प्रत्येक पाकिटामागे तीस रुपये.’

‘ऑर्डर कमी आल्या तर माझं नुकसान होतं ना ताई. मेहनत तेवढीच लागते.’

‘बरोबर आहे. म्हणून शूट तुमच्या सोयीने करा, तुम्ही मटणाचा रस्सा करणारच असाल त्या दिवशी. रीलबरोबर त्याच आठवड्यात लिंकच्या दोन स्टोरी टाका. आणि तीन महिने तो व्हिडिओ मला माझ्या पानावर आणि जाहिरातीत वापरू द्या.’

या तीन मागण्यांत खरा फायदा आहे. रीलखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, स्टोरीवर चिकटवलेली लिंक मात्र थेट उघडते, म्हणून ऑर्डरींचा मोठा भाग स्टोरीतून येऊ शकतो. व्हिडिओ वापरण्याचा हक्क तर स्वतंत्र किमतीची वस्तू आहे. रीलचे पैसे दिले म्हणजे व्हिडिओ आपला झाला, असा समज सर्रास असतो, पण त्यावर विसंबू नये. लिहून घेतलं नसेल, तर वाद होऊ शकतो. कमिशनबद्दल एक पथ्य पाळावं: ते ‘आलेल्या’ ऑर्डरवर न ठेवता ‘पोचलेल्या’ पार्सलवर ठेवावं आणि महिन्याच्या शेवटी यादीसह चुकतं करावं. यादी न पाठवणारा ब्रँड दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

ठरलेलं एका पानावर उतरवून ईमेलने पाठवलं की पुरतं. काय काय टाकायचं, कुठल्या तारखेला, निम्मे पैसे आधी आणि निम्मे पोस्ट पडल्यावर, व्हिडिओ किती दिवस खात्यावर राहील, पुढचे तीस दिवस दुसऱ्या मसाल्याची जाहिरात नाही, वगैरे. व्हिडिओ टाकण्याआधी एकदा पाहायला मिळेल हेही लिहावं, पण तो हक्क माहिती तपासण्यापुरताच ठेवावा. वाक्यं लिहून देणारे मालक स्वतःचंच नुकसान करतात, कारण लोक ताईंच्या बोलीसाठी आलेले असतात, आणि पाठ केलेली वाक्यं तीन सेकंदांत ओळखू येतात. गाण्याकडे मात्र नक्की लक्ष द्यावं. मागे गाजलेलं चित्रपटगीत लावलेला रील पैसे घेऊन केलेला असेल, तर तो व्यावसायिक वापर ठरतो आणि संगीत कंपनीची नोटीस ब्रँडच्या दारात येऊ शकते. कढईत तेल तडतडण्याचा आवाज चटणीच्या रीलला पुरेसा असतो.

करांचाही एक धागा यात आहे. वर्षभरात एकाच क्रिएटरला दिलेल्या आणि तिच्याकडेच राहिलेल्या वस्तूंची किंमत २० हजार रुपयांवर गेली, तर त्यावर दहा टक्के टीडीएसचा नियम २०२२ पासून लागू आहे. वर्षाची उलाढाल एक कोटीच्या आत असलेल्या वैयक्तिक मालकीच्या धंद्याला त्यातून सूट आहे, म्हणून दोन चटणीच्या पाकिटांची काळजी करायला नको. पैठणी किंवा दागिने पाठवणाऱ्यांनी मात्र आपल्या सीएला आधी विचारावं.

जाहिरात उघड सांगण्याच्या मुद्द्यावर बहुतेक छोटे ब्रँड बिचकतात. ‘जाहिरात’ असं लिहिलं तर लोक पुढे सरकतील, असं त्यांना वाटतं. नियम मात्र स्पष्ट आहेत. जाहिरातींवर स्वनियमन करणारी ॲस्की ही मुंबईची संस्था १९८५ पासून काम करते. तिची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू झाली. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरसाठी वेगळी पुस्तिका दिली. सगळ्यांचा गाभा एकच: क्रिएटर आणि ब्रँड यांच्यात पाहणाऱ्याच्या मतावर परिणाम करील असा काही संबंध असेल, तर तो त्याला न शोधता दिसला पाहिजे. संबंध म्हणजे फक्त पैसे नव्हेत. फुकटचं पाकीट, सूट, सहल, नातेसंबंध, नोकरी हे सगळं त्यात येतं. म्हणजे ‘पैसे कुठे दिलेत, नुसती चटणी पाठवली’ ही सबब चालत नाही. मालकीणबाईंच्या भाचीने रील केला, तरी ते सांगावं लागतं.

कसं सांगायचं तेही ठरलेलं आहे. मजकुरात ती खूण पहिल्या दोन ओळींत हवी. ‘आणखी वाचा’च्या खाली किंवा हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात दडवलेली चालत नाही, आणि प्रोफाइलवर एकदाच लिहून भागत नाही. ॲस्कीच्या तत्त्वांनुसार पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर ती किमान तीन सेकंद दिसायला हवी. पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत लांबीच्या एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दल बोलणं चालू असेल तेवढा पूर्ण वेळ. लाइव्ह असेल तर सुरुवातीला आणि शेवटी तोंडाने सांगायचं. ताईंचा रील पंचेचाळीस सेकंदांचा असेल, तर पंधरा सेकंद पुरतात, पण घड्याळ लावत बसण्यापेक्षा ‘जाहिरात’ हा शब्द शेवटपर्यंत कोपऱ्यात ठेवणं सोपं. मराठी व्हिडिओला मराठी शब्द चालतो, आणि चटणी मागवणाऱ्या आजींना तोच कळतो. इन्स्टाग्रामची ‘पेड पार्टनरशिप’ची पट्टी लावावीच, पण तिच्यावरच विसंबू नये. यूट्यूबवरही व्हिडिओ चढवताना सशुल्क प्रचाराची चौकट टिकवता येते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण उत्पादक, जाहिरातदार आणि शिफारस करणारा, या सगळ्यांना १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदीही येऊ शकते. म्हणजे जबाबदारी ताईंवर ढकलून मालकीणबाई सुटत नाहीत, तशा ताईही सुटत नाहीत. प्रत्यक्षात चटणीच्या ब्रँडला धोका असतो तो खूण विसरल्याचा नव्हे, तर उत्साहाच्या भरात निघालेल्या वाक्याचा. ‘ही खाल्ल्यावर पित्त होत नाही’, ‘शुगरवाल्यांनी बिनधास्त खावी’ असले दावे खाद्यपदार्थासाठी करताच येत नाहीत. त्यासाठी एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत. ‘बाजारातल्या मसाल्यात रंगच असतो’ असं दुसऱ्याचं नाव काढणंही टाळावं. पॅराशूट तेलावर टीका करणाऱ्या एका यूट्यूब व्हिडिओचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी तो काढायला सांगितला. पुढे खंडपीठाने तो आदेश बदलला, पण तोवर कोर्टाच्या फेऱ्या झालेल्याच होत्या. म्हणूनच व्हिडिओ आधी पाहण्याचा हक्क ठेवायचा. ताईंनी फक्त मिरची कुठली, तिखट किती, रस्सा कसा झाला एवढंच सांगितलं तरी काम होतं. ‘ही जाहिरात आहे, पण चटणी मी आधी महिनाभर वापरली’ या वाक्याने विश्वास उलट वाढतो, अर्थात ते खरं असेल तरच. म्हणून पैशाचं बोलण्याआधी पाकीट पाठवावं. चव न घेता होकार देणारी क्रिएटर आपल्या कामाची नाही.

रील पडला. लाइक आले, नात्यातल्या सगळ्यांनी फोन केले. आता मोजायचं कसं? वेबसाइट असलेले ब्रँड लिंकच्या शेपटीला खुणा जोडतात. पण आपल्या बाईंचं दुकान व्हॉट्सअॅपवर आहे, आणि तिथेही सोपी युक्ती आहे. व्हॉट्सअॅपची लिंक अशी बनवता येते, की दाबल्यावर चॅट उघडतं आणि त्यात कोड आधीच टाइप झालेला असतो. ग्राहकाने फक्त पाठवायचं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=SANGLI10
```

X च्या जागी आपला नंबर आणि शेवटी त्या क्रिएटरचा कोड. प्रत्येक क्रिएटरला वेगळा कोड दिला, की कुठला संदेश कुणाकडून आला हे वहीत आपोआप वेगळं होतं. कोडला मुदत मात्र ठेवावी. कूपन गोळा करणाऱ्या साइटवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर तो फिरू लागला, की ताईंचा रील न पाहिलेले लोकही त्याच नावावर चढतात आणि आपण त्यांच्यावर सूट आणि कमिशन दोन्ही देत बसतो.

आणि दुसऱ्या बाजूची गळती याहून मोठी असते. रील पाहिलेली व्यक्ती चार दिवसांनी ब्रँडचं नाव शोधते आणि थेट नंबरवर विचारते. तिच्याकडे कोड नसतो. म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच शब्दांत लिहून ठेवावं. शिवाय रील पडण्याआधीच्या चार आठवड्यांत, कुठलीही जाहिरात नसताना, आठवड्याला किती नव्या ऑर्डर आल्या हेही हाताशी हवं. दिवाळीच्या आठवड्यात रील टाकला आणि विक्री वाढली, तर श्रेय रीलचं की सणाचं, हे त्या आधीच्या नोंदीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्या उदाहरणाचा ताळेबंद मांडू. कोडवरून एकतीस पार्सलं गेली. तीन दारातून परत आली, अठ्ठावीस पोचली. अठ्ठावीस गुणिले ११५ म्हणजे ३,२२० रुपये. परत आलेल्या तिघांचे ३९० वजा. ताईंचं कमिशन ८४० वजा. हातात १,९९०. खर्च झाले ताईंचे ५,००० आणि त्यांना पाठवलेल्या दोन पाकिटांचे कुरियरसह ५१०. पहिल्या आठवड्याअखेर ३,५२० रुपयांचा तोटा. बहुतेक मालक इथे वही मिटतात आणि ‘हे इन्फ्लुएन्सर काही कामाचे नाहीत’ असं म्हणतात.

वही उघडी ठेवली तर पुढचं दिसतं. त्या आठवड्यात कोडशिवाय आलेल्या नऊ जणांनी ‘सांगलीच्या ताईंचा व्हिडिओ पाहिला’ असं सांगितलं होतं. त्यांना सूट नव्हती, म्हणून प्रत्येकी १६० प्रमाणे १,४४०. पुढच्या तीन महिन्यांत कोडवरच्या अठ्ठावीसपैकी अकरा जणांनी पुन्हा मागवलं, काहींनी दोनदा, मिळून पंधरा पार्सलं. पूर्ण किमतीने, म्हणजे २,४००. तोटा भरून निघून ३२० रुपये वर राहिले. मालकीणबाईंच्या वेळेचं मोल यात धरलेलं नाही, ते धरलं तर हा व्यवहार जेमतेम बरोबरीचा आहे. पण आता यादीत अकरा घरं अशी आहेत, ज्यांना चौथ्या वेळी मागवायला कुठलीही जाहिरात लागणार नाही.

एका प्रयोगावरून निकाल लावू नये असं मला वाटतं, पण कशावर लावायचा ते आधीच ठरवावं. माझ्या लेखी कसोटी एकच: पुन्हा मागवणाऱ्यांचं प्रमाण. अठ्ठावीसपैकी अकरा आले, तर माणसं बरोबर गाठली. साठ पार्सलं जाऊन दोघंच परतले असते, तर सुटीला भुललेले लोक गाठले असं समजावं, किंवा चटणीच तपासावी. तो दोष ताईंच्या माथी मारता येत नाही. व्ह्यूज, लाइक, सेव्ह हे आकडे ताईंकडून जरूर मागवावेत, पण त्यांचा उपयोग कुठे गळती झाली ते शोधण्यापुरता. व्ह्यूज भरपूर आणि चॅट उघडणारे थोडे, तर व्हिडिओत वस्तू नीट दिसली नाही किंवा लिंक उशिरा आली. चॅट भरपूर आणि ऑर्डर थोड्या, तर उत्तर द्यायला वेळ लागला किंवा कुरियरचा खर्च ऐकून लोक थांबले. ही दुसरी गळती छोट्या ब्रँडला नेहमी गाठते. रविवारी संध्याकाळी रील पडतो, चाळीस संदेश येतात आणि सोमवारी दुपारपर्यंत कुणी फोनच उघडत नाही. म्हणून पोस्टची वेळ ठरवताना त्या संध्याकाळी फोनवर कोण बसणार, हेही ठरवावं.

पार्सलांचे पिनकोडही एका रकान्यात लिहावेत. आपल्या उदाहरणात एकतीसपैकी बारा पार्सलं पिंपरी-चिंचवडला गेली असती, तर पुढचे ५,००० रुपये दुसऱ्या क्रिएटरला देण्याआधी वेगळा विचार करता आला असता. ताईंचा तोच व्हिडिओ तीन महिने वापरायचा हक्क हातात आहे. तो फक्त पिंपरी-चिंचवडपुरती इन्स्टाग्रामची सशुल्क जाहिरात म्हणून, दिवसाला दोन-अडीचशे रुपये लावून आठवडाभर चालवता येतो. त्यावरही वेगळा कोड द्यायचा. आणि हे करायचं ते डिसेंबर-जानेवारीत, गावाहून आलेली बरणी तळाला गेलेली असते तेव्हा. एप्रिल-मेमध्ये नाही, कारण तेव्हा त्या घरांतली आई स्वतःच डंकाच्या रांगेत उभी असते.